भाडेकरूच्या कापसामुळे सोसायटीचा दंड लागला, तो वसूल करताना काय काय झालं

भाडेकरूनं सोसायटीचा नियम मोडला तर दंडाचं बिल मालकाच्या नावानं येते, कारण सभासद आपण असतो, भाडेकरू नसतो. सोसायटीचा त्याच्याशी कागदोपत्री काही संबंधच नाही. त्यामुळे ते पैसे त्याच्याकडून मागायचे तर ते काम आपलंच, आणि नुसतं "तुमच्यामुळे लागला, द्या" म्हणून भागत नाही हे मला 2024-25 च्या हिवाळ्यात समजलं. आमच्याकडे खेड्यातल्या बऱ्याच जणांनी तालुक्याच्या गावी पोरांच्या शिक्षणासाठी छोटे फ्लॅट घेऊन ठेवलेत आणि पोरं पुण्याला गेली की ते भाड्यानं देतात, त्यांच्यासाठी हे सगळं तारखांसकट लिहून ठेवते.

आमचं गाव यवतमाळ जिल्ह्यात, शेती तिथंच. फ्लॅट तालुक्याच्या ठिकाणी, तीन मजली छोटी बिल्डिंग, सहकारी गृहनिर्माण संस्था रजिस्टर झालेली, बरेचसे सभासद शिक्षक आणि बँकवाले. फ्लॅट माझ्या नावावर आहे. 1 मे 2024 पासून 31 मार्च 2025 पर्यंत, म्हणजे 11 महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार केला, भाडं 6,000 आणि डिपॉझिट 20,000. करार ऑनलाइन रजिस्टर केला होता, आणि हे मी मुद्दाम सांगते कारण आमच्याकडे अजूनही शंभराच्या स्टॅम्पवर लिहून नोटरी करून मोकळे होतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला पाहिजे, ती जबाबदारी मालकाची आहे, आणि नोंदणी नसली तर वाद झाल्यावर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते मानलं जाते, मालकाला उलट सिद्ध करत बसावं लागते. पुढे माझं सगळं एका अटीवर उभं होतं, ती अट कागदावर होती म्हणून निभावलं.

भाडेकरू तिशीतला माणूस, बायको आणि एक लहान मुलगी. कृषी केंद्रात कामाला आहे असं सांगितलं होतं आणि ते खरंही होतं, पण दिवाळीनंतर तो खेडा खरेदी करायचा. म्हणजे गावागावात जाऊन शेतकऱ्यांच्या घरून कापूस घ्यायचा आणि पुढे जिनिंगला टाकायचा. त्या वर्षी लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला 7,521 होता आणि खाजगीत भाव त्याच्या खालीच चालले होते, तर भाव वाढेल म्हणून त्यानं माल धरून ठेवला. ठेवायला जागा नाही. आधी एक खोली भरली, मग जिन्याखालची जागा, मग पार्किंगचा कोपरा. वरून कापसात ओल होती. 8 टक्के ओलीपर्यंत पूर्ण भाव आणि सीसीआयवाले, म्हणजे सरकारी कापूस महामंडळ, 12 च्या वर घेतच नाहीत, आणि व्यापारीही ओल पाहूनच भाव पाडतो, म्हणून त्यानं तो स्लॅबवर वाळायला पसरवला.

ज्यांनी घरात कापूस ठेवला त्यांना माहीत आहे, त्यातून बारीक किडे निघतात आणि अंगाला खाज सुटते, लहान लेकरांना तर फोड येतात. खालच्या मजल्यावरच्या सरांच्या नातवाला तसं झालं. पण मला जास्त भीती दुसऱ्याच गोष्टीची वाटली. आमच्या बिल्डिंगचे सगळे मीटर जिन्याखाली एका पेटीत आहेत आणि गाठोडी त्या पेटीला टेकून होती. सुटा कापूस एका ठिणगीत पेटतो आणि वर जायला यायला जिना एकच. त्यामुळे सोसायटी चिडली याचं मला वाईट वाटलं नाही, त्यांचं बरोबरच होतं.

आता तारखा. पुढचा सगळा हिशोब त्यावरच झाला म्हणून नीट सांगते.

25 नोव्हेंबरला, विधानसभेचा निकाल लागून दोनच दिवस झाले होते, सोसायटीनं फ्लॅटच्या दारावर एक नोटीस चिकटवली. वर नाव माझं, पण मी तर गावात. भाडेकरूनं ती काढून टीव्हीखाली ठेवून दिली, मला कळवलं नाही. 12 डिसेंबरला सचिवांनी तीच नोटीस माझ्या गावच्या पत्त्यावर रजिस्टर पोस्टानं पाठवली आणि मला ती 16 डिसेंबरला मिळाली. त्यात लिहिलं होतं की सामायिक जागेत माल ठेवला आहे, 7 दिवसांत काढा आणि खुलासा द्या, नाहीतर सर्वसाधारण सभेच्या ठरावाप्रमाणे रोज 100 रुपये दंड लागेल.

मी त्याच दिवशी नोटिशीचा फोटो काढून भाडेकरूला व्हॉट्सॲप केला आणि फोनही केला. फोनवर तो म्हणाला, "ताई, आठ दिवसात उचलतो, जिनिंगवर गाड्याची लाईन लागून रायली." मी म्हटलं भाऊ ठीक आहे, पण दंड लागला तर करारात लिहिल्याप्रमाणे तुमच्याकडे येईल, हे मी तुम्हाला आजच सांगून ठेवते. मग हेच बोलणं चार ओळीत लिहून परत व्हॉट्सॲप केलं आणि त्याची एक झेरॉक्स रजिस्टर पोस्टानं फ्लॅटच्या पत्त्यावर टाकली. माझा नवरा म्हणत होता की फोनवर बोलणं झालं ना मग कायले पोस्टाचे पैसे घालवते. पण त्या पोस्टाच्या पावतीनं पुढे माझं सगळ्यात जास्त काम केलं, कारण "मला कळलंच नाही" हे म्हणायला जागा उरली नाही. ज्यांचा फ्लॅट लांब आहे त्यांनी एवढं तरी कराच, सोसायटीचं पत्र आलं की त्याच दिवशी भाडेकरूला लेखी पाठवा आणि पोच ठेवा. आपण पत्र घरात ठेवून महिनाभर बसलो आणि रोजचा दंड चढत राहिला तर भाडेकरू म्हणू शकतो की एवढा तर तुमच्यामुळे वाढला, आणि त्याचं म्हणणं कायद्यातही टिकते. करार कायदा 1872 चं कलम 73 नुकसान भरपाईचं आहे, त्यात नुकसान कमी करायचे जे उपाय हातात होते ते केले का हेही पाहतात.

सोसायटीला मी वेगळा खुलासा दिला, की नोटीस 16 तारखेला मिळाली, भाडेकरूला कळवलं आहे, माल काढायला सांगितलं आहे. दोन प्रती केल्या, एकीवर सचिवांची सही आणि तारीख घेतली.

माल काही 7 दिवसांत उचलला नाही. दर दोन-चार दिवसांनी मी फोन करायची, तो म्हणायचा मेटॅडोर येऊन रायला, उद्या येते. आमच्या घरातले लोक मला सांगू लागले की पाणी बंद कर, एका दिवसात हलते बघ. काकांनी तर कुलूप लावायचं सुचवलं. मी ते केलं नाही आणि करायलाही नको होतं. भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम 29 मध्ये मालकानं योग्य कारणाशिवाय पाणी, वीज अशी आवश्यक सेवा तोडू नये असं स्पष्ट आहे, तसं केलं असतं तर दंडाचा विषय बाजूला राहून मीच आरोपी झाले असते. आणि घरात तीन वर्षांची पोरगी होती, तिच्या आंघोळीचं पाणी मी बंद करणार होते का.

शेवटी 18 जानेवारीला, संक्रांत झाल्यावर, जिना आणि पार्किंग मोकळं झालं. मी त्याला सांगितलं होतं की माल उचलला की मोकळ्या जागेचे फोटो पाठवा, त्यानं संध्याकाळीच पाठवले. ते फोटो पुढे त्याच्याच कामी आले.

31 जानेवारीला बिल आलं. मेंटेनन्स नेहमीचा होताच, त्याच्याखाली तीन नवीन ओळी. दंड 5,000. साफसफाई 1,200. व्याज 310. एकूण 6,510. म्हणजे महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त. मी बिल पाहून सुन्न झाले, कारण हे भरलं नाही तर थकबाकीदार मी ठरणार होते, आणि भाडेकरू एवढे देणार नाही हेही दिसत होतं.

बिलाचा फोटो त्याला पाठवला आणि म्हटलं की हे आलं आहे, मी आधी तपासते, मग बोलू. त्याचा लगेच फोन. "ताई, दंड तुमाले लागला नं, तुमच्या नावानं हाय, मी काहून देऊ? अन् समोरच्यानं सिमेंटच्या बॅगा ठेवल्या होत्या, त्याले तर काही नाही." मी तेव्हा वाद घातला नाही. समोरच्यानं काय ठेवलं हा त्याचा आणि सोसायटीचा विषय, त्यानं आपला दंड माफ होत नाही. पण पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला कागदावर शोधणं भाग होतं, म्हणून करार काढून बसले.

करारात भाडेकरूला लायसन्सी आणि मालकाला लायसन्सर म्हणतात. त्यात दोन अटी होत्या. एक, "संस्थेचे उपविधी व नियम लायसन्सी पाळील आणि त्याच्या कृतीमुळे संस्थेने आकारलेला दंड वा खर्च लायसन्सी भरील." दुसरी डिपॉझिटची, त्यातून थकलेलं भाडं, वीजबिल आणि फ्लॅटची मोडतोड एवढं वजा करता येईल. दोन्ही नीट वाचल्या तर लक्षात येते की दंड भरायची जबाबदारी त्याची आहे, पण तो डिपॉझिटमधून कापायचा हक्क मला दिलेला नाही. एजंटकडे हाच छापील नमुना सगळ्यांना देतात. म्हणजे मी परस्पर 20,000 मधून कापले असते तर त्यानं उलट डिपॉझिट अडवलं म्हणून तक्रार केली असती. पैसे मागायचे तर वेगळे मागायचे, किंवा कापायचे तर त्याची लेखी संमती घ्यायची.

आणि नियम त्याला माहीत होते का? घर देताना सोसायटीच्या नियमांचा एक कागद मी त्याला दिला होता आणि त्याच्यावर सही घेतली होती, त्यात सामायिक जागेत सामान ठेवू नये हे होतं. हा कागद नसता तर त्याचं "मले काय माहीत" मला खोडता आलं नसतं.

मग दुसरी बाजू, सोसायटीचा दंड तरी बरोबर आहे का. जो दंड सोसायटीनंच चुकीचा लावला तो भाडेकरूकडून मागायला मला तोंड नाही, हे माझ्या मनाला पटलेलं होतं. अट म्हणते "त्याच्या कृतीमुळे आकारलेला", सोसायटीच्या हिशोबातली चूक ही त्याची कृती होत नाही. म्हणून मी सचिवांकडे लेखी अर्ज केला आणि ज्या ठरावावरून दंड लावला त्याची प्रत आणि साफसफाईचं व्हाउचर मागितलं. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960 च्या कलम 32 मध्ये सभासदाला उपविधी, सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं, स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी पाहायचा हक्क आहे, ते कलम अर्जात लिहिलं. सचिव रिटायर्ड मास्तर, स्वभावानं चांगले, पण आधी थोडे नाराज झाले, "एवढा अविश्वास कायले" म्हणाले. मी म्हटलं सर अविश्वास नाही, मला हे दुसऱ्याकडून घ्यायचं आहे, त्यानं विचारलं तर दाखवायला पाहिजे. मग त्यांनी दोन दिवसांत झेरॉक्स दिल्या, झेरॉक्सचे पैसे मी भरले.

ठराव सप्टेंबरच्या वार्षिक सभेतला होता. त्यात लिहिलं होतं की सामायिक जागेत माल ठेवल्यास सभासदाला नोटीस मिळाल्यापासून 7 दिवसांनंतर रोज 100 रुपये, जास्तीत जास्त 5,000, आणि साफसफाईचा प्रत्यक्ष खर्च वेगळा. सोसायट्यांच्या नमुना नियमावलीत, म्हणजे आदर्श उपविधींमध्येही दंड सर्वसाधारण सभेनं ठरवायचा, 5,000 ची मर्यादा, आणि दंड लावायच्या आधी सभासदाला नोटीस देऊन त्याचं म्हणणं ऐकून घ्यायचं असं आहे. म्हणजे कमिटीला मनात आलं म्हणून आकडा टाकता येत नाही.

आता बिल यावर लावून पाहिलं. सोसायटीनं दिवस मोजले दारावरच्या 25 नोव्हेंबरच्या नोटिशीपासून, म्हणजे 7 दिवस सोडून 3 डिसेंबर ते 31 जानेवारी, 60 दिवस, 6,000 होतात म्हणून 5,000 वर थांबवले. पण ठरावात "सभासदाला नोटीस मिळाल्यापासून" आहे. माझा गावचा पत्ता त्यांच्या रजिस्टरला होता, मेंटेनन्सची बिलं तिथंच येतात, आणि मला नोटीस मिळाली 16 डिसेंबरला. 7 दिवस म्हणजे 23 डिसेंबरपर्यंत. दंड सुरू 24 डिसेंबरला. माल निघाला 18 जानेवारीला, 31 ला नाही. डिसेंबरचे 8 आणि जानेवारीचे 18, झाले 26 दिवस, म्हणजे 2,600.

साफसफाईच्या व्हाउचरमध्ये 1,200 होते, पण त्यात दोन कामं एकत्र लिहिलेली. स्लॅबवरच्या पाण्याच्या पाइपात कापूस अडकला होता तो काढणे आणि जिना झाडणे 700, आणि पाण्याची टाकी धुणे 500. टाकी तर दरवर्षी धुतात, सगळ्यांच्या मेंटेनन्समधून. ते 500 कापसाच्या नावावर येत नाहीत. व्याज 310 कशावर लावलं ते तर सचिवांनाही सांगता आलं नाही. थकबाकीवर व्याज लावायला उपविधींत जागा आहे, 21 टक्क्यांपर्यंत सरळ व्याज, पण दंड बिलात पहिल्यांदाच येऊन राहिला, त्याची भरायची तारीख उलटलीच नव्हती तर थकला कुठून.

त्याच बिलात नॉन ऑक्युपन्सी चार्जेसही होते, म्हणजे फ्लॅट भाड्यानं दिला म्हणून मालकाकडून घेतात ते, सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांपर्यंत. ते माझे आहेत, भाडेकरूकडे मागायचे नाहीत. हे सांगते कारण काही जण बिलाचा पूर्ण आकडाच भाडेकरूला पाठवतात आणि मग तो चिडतो, त्यात त्याचं चुकत नाही.

मी हा हिशोब एका पानावर लिहिला आणि पत्र दिलं, की दंडाला माझी हरकत नाही, पण दिवस, साफसफाई आणि व्याज दुरुस्त करा, आणि दंड लावायच्या आधी म्हणणं ऐकायचं असतं ते झालेलं नाही तर वेळ द्या. समजा त्यांनी ऐकलंच नसतं तर तालुक्याला सहायक निबंधकांचं ऑफिस आहे, तिथं अर्ज करायची माझी तयारी होती, आणि पुढे सहकार न्यायालय. पण तीन-चार हजारांसाठी सहकार न्यायालय म्हणजे वकिलाची फीच जास्त, म्हणून मला ते कमिटीतच मिटवायचं होतं.

9 फेब्रुवारीला रविवारी कमिटी बसली, पार्किंगमध्ये खुर्च्या टाकून. मी भाडेकरूलाही बोलावलं होतं. तो सभासद नाही म्हणून त्याला बोलायचा हक्क नव्हता, पण अध्यक्षांनी बसू दिलं. माझ्या मते हे सगळ्यात चांगलं झालं. त्यानं पहिल्यांदा खालच्या सरांच्या तोंडून ऐकलं की नातवाच्या अंगाला काय झालं होतं, आणि सोसायटीवाल्यांनी पहिल्यांदा त्याचे 18 जानेवारीचे फोटो पाहिले. एक सभासद म्हणाले की फ्लॅटचं गोडाऊन केलं त्याचाही वेगळा दंड लावा. त्यावर सचिवांनीच सांगितलं की त्याचा दर सभेनं ठरवलेला नाही, तर लावता येत नाही. दिवसांवर थोडी ओढाताण झाली, दारावरची नोटीस पण नोटीसच असं एकांचं म्हणणं होतं. मी रजिस्टरमधला माझा पत्ता आणि पोस्टाचा शिक्का दाखवला. शेवटी सुधारित बिल निघालं, दंड 2,600 आणि साफसफाई 700, एकूण 3,300. मी तिथंच चेक दिला आणि पावतीवर "सामायिक जागेतील माल, 24/12 ते 18/1" असं लिहून घेतलं. आधी स्वतः भरून मग भाडेकरूकडे मागायचं हे मी ठरवूनच गेले होते, कारण त्याचे पैसे येवोत न येवोत, थकबाकी माझ्या नावावर राहायला नको, आणि भरलेली पावती हातात असली की मागणी पक्की होते.

मग त्याच्याशी बोलणं. फ्लॅटवर गेले, वहिनीनं चहा केला. मी चार कागद समोर ठेवले, करारातली अट, त्याच्या सहीचा नियमांचा कागद, 16 डिसेंबरच्या पत्राची पोस्टाची पावती आणि सोसायटीची 3,300 ची पावती. तो बराच वेळ वाचत बसला. मग म्हणाला, "ताई, सात दिवस लयच कमी होते नं, जिनिंगवाल्यानं गाडीच घेतली नाही." मी म्हटलं भाऊ तुमची अडचण मला दिसते, म्हणूनच 6,510 चे 3,300 होईपर्यंत मी तुमच्याकडे एक रुपया मागितला नाही, पण हे 26 दिवस माल तिथं होता आणि तुम्हाला माहीत होतं. त्यावर वहिनीच म्हणाली, "द्या नं आता, त्यायनं कमी करून आणले." मला बरं वाटलं आणि थोडं अवघडूनही आलं, कारण त्या कापसात त्याला नफा झाला नव्हता हे मला कळत होतं.

एकदम 3,300 नव्हते. ठरलं की 1,800 आत्ता आणि 1,500 मार्चच्या पहिल्या आठवड्यात, आणि नाही दिले तर उरलेले डिपॉझिटमधून कापायला त्याची संमती. हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या, त्याला एक प्रत. डिपॉझिटच्या अटीत जी जागा राहिली होती ती या कागदानं भरली.

इथं एक गोष्ट बारकाईनं सांगते. त्यानं फेब्रुवारीचं भाडं 6,000 यूपीआयनं पाठवलं तेव्हा त्यात "फेब्रुवारी भाडे" असं लिहिलं होतं. माझ्या भावाचा सल्ला होता की यातून आधी दंडाचे धर, म्हणजे भाडं थकलेलं दिसेल आणि दाब राहील. तसं करता येत नाही. देणाऱ्यानं पैसे कशासाठी ते सांगितलं असेल आणि आपण ते घेतले तर ते त्याच देण्यात जमा करावे लागतात, करार कायद्याचं कलम 59 हेच सांगते. म्हणून भाडं भाड्यात घेतलं, दंड वेगळा. 14 फेब्रुवारीला 1,800 आले, 5 मार्चला 1,500, दोन्ही वेळेस मी त्याला "सोसायटी दंड" असं लिहायला सांगितलं आणि मी हातानं पावती दिली. शेवटच्या पावतीवर "या विषयाचे काही येणे नाही" असं लिहिलं, ते त्यानंच मागितलं होतं आणि ते त्याला मिळायलाच पाहिजे होतं.

माझा खर्च म्हणाल तर पोस्ट, झेरॉक्स आणि एसटीचं येणं-जाणं. ते मी त्याच्याकडे मागितलं नाही, अटीत दंड आणि सोसायटीचा खर्च एवढंच होतं.

31 मार्चला करार संपला. तो म्हणाला, "अजून 11 महिने द्या, माल ठेवायला मी गावाबाहेर टिनाचं शेड पाहून ठेवलं." मी दिलं. नवीन करारात एजंटला छापील नमुना बाजूला ठेवायला लावून ही अट टाइप करून घेतली, ज्यांना पाहिजे त्यांनी तशीच घ्या:

"लायसन्सी, त्याचे कुटुंबीय अथवा त्याच्याकडे येणारे लोक यांच्या कृतीमुळे संस्थेने ठरावानुसार व सभासदाचे म्हणणे ऐकून आकारलेला दंड वा प्रत्यक्ष खर्च, संस्थेची पावती दाखवल्यापासून 15 दिवसांत लायसन्सी भरील, न भरल्यास ती रक्कम अनामत रकमेतून वजा करता येईल. संस्थेची नोटीस मिळाल्यास लायसन्सरने ती 3 दिवसांत लायसन्सीला लेखी कळवावी व फ्लॅटवर आलेली नोटीस लायसन्सीने 3 दिवसांत लायसन्सरला कळवावी. संस्थेच्या नियमांची प्रत सोबत जोडली असून ती लायसन्सीने वाचली आहे."

शेवटचं वाक्य नुसतं टाइप करून उपयोग नाही, नियमांचा कागद खरंच जोडायचा आणि त्याच्या प्रत्येक पानावर सही घ्यायची. आमच्या नियमांची दोन पानं होती, त्यानं दोन्हीवर सही केली आणि सामायिक जागेच्या ओळीखाली स्वतःच्या पेनानं रेघ मारली.